परभाषेतील हुद्दा

परदेशी गृहस्थाच्या व्हिजिटिंग कार्डाचे छायाचित्र पाठवून 'यावरील मजकूर मराठीत हवा' अशी मागणी हल्ली वारंवार होते. कार्डावर एकच हुद्दा दोन भाषांत छापलेला असला, म्हणजे भाषांतरकार बहुधा परिचयाची इंग्रजी बाजू उचलतो. घोटाळा होतो तो येथेच. कारण कित्येकदा ती बाजू मूळ नसून तेही एक भाषांतरच असते.

जपानी कार्डाचे उदाहरण घेऊ. इंग्रजीत 'डायरेक्टर, सेल्स' असे आहे. याचे 'विक्री-संचालक' असे मराठी सहज सुचते. परंतु आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे संचालक म्हणजे संचालक मंडळावर नेमलेला सभासद. आता जपानी बाजू पाहावी. तेथे 'एइग्यो बुचो' असे आहे. 'एइग्यो' म्हणजे विक्री, 'बु' म्हणजे विभाग आणि 'चो' म्हणजे प्रमुख. अर्थात हे गृहस्थ विक्री विभागप्रमुख होत. मंडळावरील संचालकास जपानी कायद्यात 'तोरिशिमारियाकु' असा निराळाच शब्द आहे. तो तीन अक्षरांनी लिहितात. 'बुचो' दोनच अक्षरांचा. कंपनीच्या वतीने करार करण्याचा अधिकार ज्या संचालकास असतो, त्याच्या हुद्द्याआधी 'दाइह्यो', म्हणजे प्रतिनिधी, ही आणखी दोन अक्षरे येतात. आपल्या कारखानदाराने 'संचालक' हा शब्द वाचून विभागप्रमुखाचा होकार हाच कंपनीचा करार मानला, तर नुकसान त्याचेच. मात्र 'तोरिशिमारियाकु' आणि 'बुचो' हे दोन्ही शब्द एकत्र आढळल्यास 'संचालक व विभागप्रमुख' असेच लिहिले पाहिजे.

छायाचित्रामुळे आणखी एक अडचण उद्भवते. कंपनीचा मुख्य 'शाचो', विभागाचा 'बुचो' आणि त्याखालील पोटविभागाचा 'काचो'. तिघांचेही शेवटचे अक्षर एकच. पहिले अक्षर अस्पष्ट असेल तर पायरी ठरविता येत नाही. तेव्हा अंदाज न बांधता दुसरे छायाचित्र मागवावे. तसेच हुद्द्याची ओळ कडेस कापली गेली आहे काय, हेही पाहावे. 'बुचो'च्या पुढे 'दाइरि' असल्यास तो सामान्यतः विभागप्रमुखाच्या खालचा अधिकारी असतो. ती दोन अक्षरे चित्राबाहेर राहिली, की त्यास नकळत बढती मिळते!

'बुचो'चे अधिकार सर्व कंपन्यांत सारखे नसतात. म्हणून 'महाव्यवस्थापक' असा भारदस्त शब्द न योजता 'विक्री विभागप्रमुख' एवढेच लिहावे आणि त्याखाली 'इंग्रजी बाजूस : डायरेक्टर, सेल्स' अशी निराळी ओळ द्यावी. इंग्रजी पत्राच्या लिफाफ्यावर त्यांनी स्वतः छापलेला हुद्दाच घालणे शिष्टाचारास धरून होईल. व्यवहार ठरविताना मात्र वरची ओळ प्रमाण धरावी.