पगार वाढला, काम तेवढंच

व्यवस्थापनाच्या पेपरात येतो तसा एक प्रसंग घ्या: रिसोडच्या डाळ मिलने पगार वाढवला, कामगारांची कुरकुर थांबली, पण कामात जोम आला नाही. का? आपली वाशीमची पोरं लगेच मास्लोचा पिरॅमिड काढतात, तोही सुबक! पण कुरकुर गेली नि जोम आला नाही, ही खूण हर्झबर्गची. त्याच्या १९५९च्या मांडणीत पगाराने असमाधान जातं. जोम येतो तो जबाबदारी, कौतुक आणि बढतीतून. म्हणून उपाय लिहा, जाणत्या कामगाराकडे प्रतवारीची जबाबदारी सोपवावी. याच मिलची डाळ गिऱ्हाईक मागतं, पण कारंजाच्या दुकानांत ती मिळत नाही, असं दिलं असेल, तर चारही ‘पी’ घोकू नका. दोष वितरणाचा आहे, जाहिरातीचा नाही. व्याख्येला एक ओळ द्या, बाकी जागा मिलला.