विश्लेषण: व्हीपीएनमध्ये ‘इंडिया’ निवडलं, तरी गेमचा पिंग का वाढतो?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एखादा मुलगा रात्री व्हॅलोरंट खेळायला बसतो. घरात फायबर ब्रॉडबँड आहे, गेमचा सर्व्हर मुंबईत आहे आणि कोपऱ्यात पिंग १८ दिसतो. मग तो व्हीपीएन सुरू करतो. जवळचा सर्व्हर घ्यायचा एवढं त्याला माहीत असतं, म्हणून यादीतून ‘इंडिया’ निवडतो. पिंग थेट १२५ वर जातो. आकडे नमुन्याचे आहेत, पण हा प्रकार अनेक गेमर्सच्या ओळखीचा असेल.

दोष बहुतेक वेळा ना इंटरनेट कंपनीचा असतो, ना गेमचा. व्हीपीएनच्या यादीत ‘इंडिया’ लिहिलेला सर्व्हर प्रत्यक्षात भारतात नसण्याची शक्यता मोठी आहे. याची सुरुवात २०२२ मधल्या एका सरकारी आदेशापासून होते.

पिंग म्हणजे नेमकं काय?

तुमच्या फोन किंवा कॉम्प्युटरवरून निघालेला संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, तो पिंग. तो मिलिसेकंदात मोजतात. एका सेकंदात १,००० मिलिसेकंद असतात.

फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. जाणं आणि येणं दोन्ही धरलं, तर दर १०० किलोमीटर अंतराला पिंगमध्ये किमान १ मिलिसेकंदाची भर पडते. कोल्हापूर ते मुंबई केबलचं अंतर ४०० किलोमीटर धरलं, तर निव्वळ अंतराचे ४ मिलिसेकंद होतात. उरलेला वेळ वाय-फाय, राउटर आणि कंपनीच्या नेटवर्कमधल्या थांब्यांवर जातो. हे थांबे सुधारता येतात. अंतराचा हिशेब मात्र कुणालाच चुकवता येत नाही, कितीही महागडा प्लॅन घेतला तरी.

व्हॅलोरंटचा सर्व्हर खेळाची स्थिती सेकंदाला १२८ वेळा ताजी करतो. म्हणजे पिंग १८ वरून १२५ वर गेला, तर तुम्हाला समोरचा खेळाडू दिसून तुमची गोळी सर्व्हरवर नोंदली जाईपर्यंत खेळ आधीपेक्षा तेरा-चौदा पावलं जास्त पुढे सरकलेला असतो. कोपऱ्यावर आधी तुम्ही पोहोचलात असं तुमच्या स्क्रीनवर दिसतं, आणि तरी मरता तुम्हीच.

२०२२ मध्ये काय झालं?

देशाच्या सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी एक आदेश काढला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचं कारण अशी माहिती किमान ५ वर्षं जपून ठेवावी, असं त्यात म्हटलं होतं. अंमलबजावणीची मुदत पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढवण्यात आली.

‘आम्ही तुमची नोंद ठेवत नाही’ हेच ज्यांच्या विक्रीचं मुख्य वाक्य होतं, त्या कंपन्यांची यात अडचण झाली. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन व्हीपीएन यांनी त्याच वर्षी भारतातले आपले प्रत्यक्ष सर्व्हर बंद केले.

ग्राहकांना मात्र भारतीय आयपी पत्ता हवाच होता. त्यावर उपाय निघाला ‘व्हर्च्युअल’ सर्व्हरचा. यात यंत्र परदेशात असतं, पण त्याला दिलेला आयपी पत्ता भारतातला म्हणून नोंदलेला असतो. एक्स्प्रेसव्हीपीएनने असे भारतीय पत्ते सिंगापूर आणि ब्रिटनमधून देत असल्याचं तेव्हाच जाहीर केलं होतं. प्रोटॉननेही सिंगापूरचा मार्ग धरला.

भारतातली एखादी वेबसाइट किंवा ओटीटी पाहण्यासाठी हे चालून जातं, कारण तिथे फक्त पत्ता तपासला जातो. गेममध्ये तसं होत नाही. पत्ता कागदावर बदलतो, केबलचं अंतर आहे तेवढंच राहतं.

मग पिंग किती वाढतो?

व्हीपीएन लावल्यावर संदेशाचा प्रवास दोन टप्प्यांत होतो: तुमच्या घरापासून व्हीपीएन सर्व्हरपर्यंत, आणि तिथून गेमच्या सर्व्हरपर्यंत. एकूण पिंग म्हणजे या दोन टप्प्यांची बेरीज.

आपल्या शिवाजी पेठेतल्या मुलाचा हिशेब मांडू. व्हीपीएन खरोखर मुंबईत असेल, तर घर ते व्हीपीएन १८ आणि तिथून त्याच शहरातल्या गेम सर्व्हरपर्यंत २, म्हणजे २०. फरक जाणवणारही नाही. व्हीपीएन सिंगापुरात असेल, तर घर ते सिंगापूर समजा ६५ आणि सिंगापूरहून परत मुंबईला ६०, म्हणजे १२५. मुंबईला जाण्यासाठी संदेश समुद्र ओलांडून जातो आणि पुन्हा ओलांडून परत येतो. लंडनचा मार्ग निवडला गेला, तर मुंबई-लंडन सरळ रेषेतलं अंतरच सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. दोन टप्पे मिळून १४० च्या खाली पिंग येणं निसर्गनियमानेच शक्य नाही, आणि प्रत्यक्षात तो याहून बराच जास्त असतो.

म्हणून ‘जवळचा सर्व्हर घ्या’ हा सल्ला अर्धाच आहे. कोल्हापूरहून मुंबईला जाताना बेळगाव पुण्यापेक्षा जवळ आहे, म्हणून कुणी आधी बेळगावला जात नाही. दिशाच उलटी आहे. साताऱ्याला थांबलं तर वाट वाकडी होत नाही, कारण सातारा वाटेवरच आहे. व्हीपीएन सर्व्हरही असाच वाटेवरचा हवा. तुमच्यापासून जवळ आणि गेमच्या सर्व्हरपासूनही जवळ, अशी दोन्हींची बेरीज कमी असलेला.

याची दुसरी बाजूही आहे. तुम्ही मुळातच सिंगापूरच्या गेम सर्व्हरवर खेळत असाल, तर सिंगापूरचा व्हीपीएन फारसा त्रास देणार नाही, कारण तुम्हाला तिकडेच जायचं आहे.

तुमचा ‘इंडिया’ कुठे आहे, कसं ओळखाल?

आयपी पत्ता दाखवणाऱ्या वेबसाइटवर विसंबू नका. तिथे ‘मुंबई, भारत’ दिसेल, पण ती नोंदवहीतली माहिती असते. यंत्र कुठे ठेवलंय हे तिला ठाऊक नसतं. आधी ॲपमध्येच पाहा. सर्व्हरच्या नावापुढे `via Singapore` किंवा `virtual` असं लिहिलंय का, की छोटं चिन्ह आहे, ते तपासा.

तिथे काही सापडलं नाही, तर गेमकडूनच उत्तर काढता येतं. व्हॅलोरंटमध्ये खेळ सुरू करण्याआधी मुंबई, सिंगापूर अशा सर्व्हरच्या नावापुढे पिंग दिसतो. व्हीपीएन बंद असताना कोल्हापुरातून मुंबईचा आकडा कमी आणि सिंगापूरचा जास्त असायला हवा. व्हीपीएनचा ‘इंडिया’ लावल्यावर हे उलटं झालं, म्हणजे सिंगापूर ६७ आणि मुंबई १२५ असं दिसू लागलं, तर तुमचा ‘इंडिया’ सिंगापुरात आहे हे जवळपास नक्की समजा.

तिसरा मार्ग कॉम्प्युटरवरचा. व्हीपीएन बंद ठेवा आणि विंडोजच्या कमांड विंडोमध्ये व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्यावर पिंग करा. खालचा पत्ता नमुन्याचा आहे. त्या जागी तुमच्या व्हीपीएनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये दिलेला पत्ता टाका.

```
ping -n 20 203.0.113.10
```

शेवटी `Minimum` हा आकडा दिसेल. कोल्हापूर ते सिंगापूर सरळ रेषेतलं अंतर सुमारे ३,६५० किलोमीटर आहे, म्हणजे तिथला पिंग ३६ च्या खाली येऊच शकत नाही. `Minimum` २० आला, तर ते यंत्र सिंगापुरात नाही हे पक्कं. उलट ७० आला, तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. सर्व्हर मुंबईत असूनही तुमच्या कंपनीचा मार्ग वळसा घेत असू शकतो. काही सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. तेव्हा आधीच्या दोन खुणांवर भागवावं लागतं.

`Minimum` आणि `Maximum` मध्ये खूप तफावत असेल, समजा २० आणि १४०, तर अंतराचा प्रश्न नाही. एकतर घरातलं वाय-फाय कमजोर आहे किंवा व्हीपीएन सर्व्हरवर गर्दी आहे. वाय-फायऐवजी केबल जोडून पुन्हा मोजा. आणि मोजणी तुम्ही खेळता त्याच वेळी करा. दुपारी मोकळा असलेला सर्व्हर रात्री दहाला तसाच राहील असं नाही.

व्हीपीएनने पिंग कमी होतो का?

जाहिरातीत तसं सांगितलं जातं. एका परिस्थितीत ते खरंही ठरतं. तुमची इंटरनेट कंपनी संदेश मुंबईच्या गेम सर्व्हरकडे सरळ न देता चेन्नई किंवा परदेशातून फिरवून आणत असेल, तर मुंबईतला व्हीपीएन तो वळसा टाळू शकतो. असा वळसा `tracert` कमांडने पाहता येतो. वाटेतल्या एखाद्या टप्प्यापासून आकडा अचानक ४०-५० ने वाढून पुढेही तेवढाच राहिला, तर वळसा तिथे आहे. मार्ग आधीच सरळ असेल, तर व्हीपीएन पिंग कमी करत नाही, थोडा वाढवतोच.

वळसा टाळण्यासाठी भारतात खरोखर सर्व्हर असलेली सेवा हवी. मुंबईतला क्लाउड सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर स्वतःचा वायरगार्ड व्हीपीएन चालवणारेही आहेत. पण इथे २०२२ चा आदेश पुन्हा आडवा येतो. तो क्लाउड आणि भाड्याच्या सर्व्हर कंपन्यांनाही लागू आहे, म्हणजे तुमची नोंद तिथे राहणार. भारतात व्हीपीएन वापरणं सरसकट बेकायदा नाही, पण कमी पिंग आणि नोंद नसलेला भारतीय सर्व्हर या दोन गोष्टी एकत्र मिळणं आता अवघड झालं आहे.

ॲपच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल निवडता येत असेल, तर वायरगार्ड किंवा यूडीपी निवडा. टीसीपीमध्ये हरवलेला एक तुकडा पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे थांबून राहतात, आणि गेम अडखळतो.

बऱ्याच ॲपमध्ये ‘स्प्लिट टनेलिंग’ नावाची सोयही असते. तीत गेम व्हीपीएनच्या बाहेर ठेवून बाकी सगळं आत ठेवता येतं. ज्यांना व्हीपीएन ब्राउझिंगसाठी हवा आहे आणि गेम मुंबईच्या सर्व्हरवर खेळायचा आहे, त्यांच्यासाठी हाच सोपा मार्ग. मग ‘इंडिया’ सिंगापुरात असला तरी गेमचा पिंग १८ च राहतो.