निरोपाच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद

मैत्रिणींनो, मोठ्या खेळाडूचं निवृत्तीचं पत्र छापून आलं की मी आधी त्याचा शेवट वाचते. आभार आणि पराक्रम वर असतातच. ‘पुढे काय’ ते मात्र खाली, दोन ओळींत उरकलेलं असतं.

८ जून २०२२ ला मिताली राजने निवृत्ती जाहीर केली. तेवीस वर्षं खेळली, दोनदा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कर्णधार होती. पत्रात सगळ्यांचे आभार मानून तिने लिहिलं, की यापुढेही खेळाशी जोडलेलं राहायला आवडेल. पुढच्याच वर्षी ती महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातच्या संघाची मार्गदर्शक झाली. क्रिकेटमध्ये हे जमतं, तिथे पैसा आहे.

पण धावणाऱ्या मुलीने काय करायचं? आपल्या सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर बघा. दुष्काळी गाव, शेतकऱ्याचं घर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती २०१२ पासून सलग तीन वर्षं पहिली आली. मग तिने स्टीपलचेस धरली. तीन हजार मीटर पळता पळता २८ अडथळे ओलांडायचे आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची. त्यात २०१४ ला आशियाई खेळांत कांस्य आणि २०१५ ला आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण तिला मिळालं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद हा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, धावण्याच्या शर्यतीत असं कुणा भारतीय बाईला जमलं नव्हतं. अंतिम फेरीत ती दहावी आली. तिचा विक्रम पारुल चौधरीने २०२३ मध्ये मोडला.

पुढे ललिता लोकांना दिसली ती महसूल खात्याची अधिकारी म्हणून. राज्य सरकारने तिला थेट उपजिल्हाधिकारी केलं. मला तिच्या पदकांइतकंच हे महत्त्वाचं वाटतं. गुडघे थकले तरी पगार सुरू राहतो, हे सुख किती जणींच्या वाट्याला येतं?

थेट नेमणूक सगळ्यांना मिळत नाही, हेही खरंच. पण राज्याच्या सरकारी नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. अडचण येते ती कागदांची. स्पर्धेचं प्रमाणपत्र नुसतं असून भागत नाही, विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि तीही नोकरीचा अर्ज भरण्याआधी. सातारा-सांगलीकरांसाठी ते कार्यालय कोल्हापूरला आहे. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्या मुलींची वयोमर्यादा कधीकधी त्यातच निघून जाते.

सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाकडे बघून ज्यांच्या लेकींनी बॅट हातात घेतलीय, त्या आयांनी मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट न करता फाईलला लावून ठेवावीत.