‘पाणीटंचाई’ ही थीम नाही

मुलाखतींवर आधारलेला कुठलाही प्रबंध उघडा आणि निष्कर्षांच्या प्रकरणावर या. पहिल्याच परिच्छेदात बहुतेक वेळा एक वाक्य भेटतं: ‘विश्लेषणातून पुढील पाच थीम्स समोर आल्या.’ जणू त्या आतल्या खोलीत बसल्या होत्या आणि हाक मारल्यावर बाहेर आल्या. खाली यादी असते. पाणीटंचाई, महिलांवरील ताण, आर्थिक परिणाम, आरोग्य, शासनाची भूमिका. प्रत्येकीखाली दोन-तीन अवतरणं, आणि प्रकरण संपलं.

माझं म्हणणं आहे की हे विश्लेषण नाही. संशोधकाने मुलाखतीला जाताना जी प्रश्नावली नेली होती तिचीच ही मथळ्यांत मांडणी आहे. पाण्याबद्दल विचारलं म्हणून पाणी आलं, आरोग्याबद्दल विचारलं म्हणून आरोग्य आलं. त्यासाठी अठरा घरी जाऊन लोकांचा वेळ घ्यायची गरज नव्हती.

व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या २००६ सालच्या लेखाचा हवाला असल्या प्रबंधांत हमखास असतो. गंमत अशी, की थीम्स आपोआप ‘उगवतात’ या भाषेवर त्याच लेखात आक्षेप आहे. थीम संशोधक घडवतो, म्हणून तिची जबाबदारीही त्याचीच. पुढच्या लेखनात या दोघींनी आणखी एक फरक ठासून सांगितला: एखाद्या विषयावर लोक जे जे बोलले त्याचा गोषवारा वेगळा आणि थीम वेगळी. थीमला मधोमध एक अर्थ लागतो. हवाला सगळे देतात, लेख वाचल्याची खूण मात्र प्रकरणात दिसत नाही.

हा फरक हवेत राहू नये म्हणून नवीन जालना घेऊ. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. निजामकाळात बांधलेला घाणेवाडी तलाव, २०१२-१३ चा दुष्काळ, टँकर, आणि नळाची वाट पाहणं या गावाच्या बोलण्यात मुरलेलं आहे. समजा, इथल्या अठरा घरांत पाण्याविषयी मुलाखती झाल्या. खालची वाक्यं कुणा खऱ्या व्यक्तीची नाहीत, उदाहरणासाठी मी रचली आहेत.

एक सून म्हणते: ‘नळ कधी येतील सांगता येत न्हाई. मंग मी कुठं जातच न्हाई. भावाच्या पोरीचं लगीन व्हतं, सासूला म्हणलं तुम्ही जाऊन या, मी नळ पाहते.’

घाईतला संशोधक याला दोन कोड लावतो: ‘अनियमित पाणीपुरवठा’ आणि ‘महिलांवरील ताण’. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही निरुपयोगी. हे कोड बीडच्या, लातूरच्या, कुठल्याही मुलाखतीला चिकटतील. लग्न सुटलं ते कुठे गेलं? सून थांबली आणि सासू गेली, हे कुठे गेलं? चांगला कोड क्रियापदाला धरून असतो: ‘नळासाठी घरी थांबणं’, ‘माहेरचं कार्य सोडणं’, ‘कोण जाणार हे घरात ठरणं’. जमलं तर बोलणाऱ्याचेच शब्द घ्यावेत: ‘मी नळ पाहते’.

इथेच इंग्रजीचा घोळ कळतो. प्रबंध इंग्रजीत म्हणून ट्रान्सक्रिप्टही आधी इंग्रजीत करून मग कोडिंग करायची सवय पडली आहे. मराठीत नळ ‘येतात’, पाहुण्यासारखे, आणि कुणीतरी त्यांची वाट ‘पाहतं’. भाषांतरात याचा पाणीपुरवठा सुरू होतो आणि पाहणारी बाई वाक्यातून गायब होते. जे वाक्यातच उरलं नाही त्याला कोड कसा लावणार? म्हणून कोडिंग मूळ बोलीतल्या मजकुरावर करा आणि भाषांतर फक्त प्रकरणात जाणाऱ्या अवतरणांचं करा.

आता थीम. अशा कोडचे उतारे एकत्र ठेवले की पहिला अंदाज बांधता येतो: ‘नळाची वेळ माहीत नसल्यामुळे घरातली एक बाई घराला बांधली जाते.’ हे पूर्ण वाक्य आहे, आणि ते खोटं ठरू शकतं. ‘पाणीटंचाई’ हा शब्द खोटा ठरूच शकत नाही, म्हणून तो काही सांगतही नाही. थीम वाक्यात लिहिता येत नसेल तर ती अजून झालेली नाही.

मग या वाक्याच्या विरोधात जाणारे उतारे मुद्दाम शोधायचे. एक दुकानदार म्हणतो, ‘नळ आले की मीच दुकान सोडून मोटर लावायला जातो.’ म्हणजे पुरुषही अडकतात? चार ओळी मागे जाऊन वाचलं तर त्याला घरून फोन येतो. मोटर त्याची, पहारा बायकोचा. अंदाज टिकला, उलट धारदार झाला. पण तिसऱ्या घरात सून नोकरीला जाते आणि निवृत्त सासरे नळ पाहत बसतात. इथे ‘बाई’ हा शब्द कोसळतो. थीम बदलावी लागते: ‘नळाची अनिश्चितता घरातल्या त्या माणसाच्या वाट्याला जाते, ज्याचा वेळ घर सगळ्यात स्वस्त धरतं.’ बहुतेक घरांत ती सून असते, एखाद्या घरात म्हातारा. हे वाक्य प्रश्नावलीत कुठेच नव्हतं. सासऱ्यांची मुलाखत ‘अपवाद’ म्हणून बाजूला टाकली असती तर ते मिळालंही नसतं.

अवतरणं या वाक्यासाठी निवडायची असतात. प्रत्यक्षात निवडलं जातं ते सगळ्यात चटकदार बोलणं. अठरांपैकी एखादी बाई फार छान बोलते आणि अर्धं प्रकरण तिच्याच तोंडी जातं. हे पकडणं सोपं आहे: प्रत्येक अवतरणापुढे मुलाखतीचा क्रमांक आणि ओळ लिहा, मग क्रमांक मोजा. इथे मी तीन घेईन: थीम नेमकी दाखवणारी सून, तिला धार देणारा दुकानदार आणि तिला वळवणारे सासरे. दुकानदाराचं वाक्य छापताना फोनचा उल्लेख कापला तर अवतरण शब्दशः खरं राहील आणि अर्थाने खोटं होईल. आणि वॉर्ड, दुकानाचा प्रकार, नात्यातलं लग्न एकत्र छापलं तर टोपणनाव देऊनही गल्लीत ती बाई कोण हे कळेल. तपशील ठेवायचा तो अर्थाला लागेल तेवढाच.

यावर उत्तर ठरलेलं असतं: वेळ नाही. धोरणासाठीच्या अभ्यासात काही चौकटी आधी ठरवाव्याच लागतात, हेही खरं. जेन रिची आणि लिझ स्पेन्सर यांची चौकट पद्धत तशीच चालते आणि त्यात गैर काही नाही. पण मग लिहा की या चौकटी आम्ही घरून नेल्या होत्या. नेलेली चौकट ‘समोर आली’ म्हणून दाखवू नका.

तासाभराची मुलाखत लिहून काढायलाच सहज चार-पाच तास जातात. एवढं करून शेवटी ‘पाणीटंचाई’ असा मथळा देणाऱ्याने वेळ वाचवलेला नाही, वाया घालवला आहे. त्यात त्या सुनेचाही एक तास आहे. नळ पाहता पाहता दिलेला.