कोनात ठेवलेले दोन आरसे आणि प्रतिमांचा हिशेब : सूत्र शेवटी द्या, आधी वर्तुळ काढून घ्या



आठवीला प्रकाशाचे परावर्तन शिकवताना दोन सपाट आरशांचा प्रश्न हमखास येतो. आरशांमधला कोन दिला की प्रतिमा किती? मुलांना सूत्र तोंडपाठ असतं :

प्रतिमांची संख्या = (३६० ÷ कोन) − १

९० अंशाला ३, ६० अंशाला ५, १२० अंशाला २. गुण मिळाले, विषय संपला. पण याच सूत्रामुळे वर्गात भांडणंही होतात. एका सराव प्रश्नपत्रिकेत १२० अंशाच्या प्रश्नाला उत्तर '२' छापलेलं होतं. आमच्या रामवाडीतल्या एका मुलीने घरी दोन आरसे ठेवून मोजलं आणि तिसरी प्रतिमा पाहिली. तिचं उत्तर चूक धरलं गेलं. माझं स्पष्ट मत आहे की ती बरोबर होती. प्रश्न अपुरा होता.

का ते बघू. यासाठी सूत्र बाजूला ठेवून कागदावर एक वर्तुळ काढायचं. मध्यबिंदू म्हणजे दोन आरशांचा सांधा. तिथून निघणाऱ्या दोन त्रिज्या म्हणजे दोन आरसे. वस्तू म्हणून दोन त्रिज्यांच्या मध्ये, वर्तुळावर एक ठिपका द्या. सपाट आरशात प्रतिमा जितकी पुढे तितकीच मागे दिसते, म्हणून सगळ्या प्रतिमा सांध्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणजे याच वर्तुळावर येतात. ठिपका आरशापासून जितक्या अंशांवर, प्रतिमा आरशामागे तितक्याच अंशांवर. कोनमापक असला की झालं.

आता नियम एवढाच : पहिल्या आरशातली प्रतिमा दुसऱ्या आरशाच्या समोरच्या बाजूला येत असेल, तर दुसरा आरसा तिचीही प्रतिमा देतो. मग पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. एखादी प्रतिमा दोन्ही आरशांच्या पाठीमागच्या भागात पडली की ती साखळी थांबते, कारण आता ती कोणत्याच आरशासमोर नाही. अशा दोन साखळ्या असतात, एक पहिल्या आरशापासून सुरू होणारी, एक दुसऱ्यापासून.

१२० अंशाचं उदाहरण पूर्ण करू. वस्तू बरोबर मध्ये, दोन्ही आरशांपासून ६० अंशांवर ठेवा. पहिल्या आरशामागे ६० अंशांवर एक प्रतिमा. ती दुसऱ्या आरशाच्या रेषेवरच येते, म्हणून पुढे काही नाही. दुसऱ्या बाजूलाही तसंच. एकूण २. सूत्र जुळलं.

आता वस्तू सरकवून पहिल्या आरशापासून ४० आणि दुसऱ्यापासून ८० अंशांवर आणा. पहिल्या आरशामागे ४० अंशांवर प्रतिमा येते. ही दुसऱ्या आरशापासून १२० + ४० = १६० अंशांवर आहे, म्हणजे अजून त्याच्या समोरच आहे. म्हणून दुसऱ्यामागे १६० अंशांवर तिची प्रतिमा. ती दोन्ही आरशांच्या मागे गेली, साखळी थांबली. आता दुसरी साखळी : दुसऱ्या आरशामागे ८० अंशांवर प्रतिमा. ती लगेच दोन्हीच्या मागे, थांबली. एकूण ३. ती मुलगी खोटं बोलत नव्हती.

मग ९० आणि ६० ला सूत्र नेहमी का चालतं? तिथे ३६० ला कोनाने भागल्यावर सम संख्या येते, ४ आणि ६. अशा वेळी वस्तू कुठेही ठेवा, दोन्ही साखळ्यांची शेवटची प्रतिमा एकाच जागी पडते, म्हणून एक वजा होतो. त्या 'उणे एक'चा खरा अर्थ हाच. आपल्या पेणला हे दाखवायला गणपतीची छोटी मूर्ती छान. ९० अंशात डाव्या सोंडेची मूर्ती ठेवा. दोन्ही आरशांतल्या गणपतीची सोंड उजवीकडे दिसेल, पण सांध्यावरच्या तिसऱ्या गणपतीची पुन्हा डावीकडे. कारण तो दोनदा परावर्तित झालाय. दोन्ही साखळ्यांनी तो घडवला तरी तो एकच.

भागाकार विषम आला, जसा १२० ला ३ आणि ७२ ला ५, तर शेवटच्या प्रतिमा एकावर एक पडत नाहीत. म्हणून वस्तू बरोबर मध्ये असेल तर एक वजा करायचा, नसेल तर नाही. ७२ अंशाला मध्ये ४, बाजूला ५.

आणि भागाकार अपूर्णांकात आला तर? अनेक मार्गदर्शकांत लिहिलेलं असतं, 'अपूर्णांक सोडून द्या'. १०० अंशाला ३.६ येतात, म्हणून उत्तर ३. वर्तुळावर करून बघा. वस्तू मध्ये, ५० अंशांवर ठेवली तर प्रत्येक साखळीत दोन प्रतिमा येतात आणि चारही वेगळ्या जागी पडतात. म्हणजे ४. वस्तू पहिल्या आरशापासून १० अंशांवर नेली तर ३. म्हणून 'अपूर्णांक सोडा' हा नियम मला पटत नाही.

इथे एक गंमत आहे आणि मुलं तिथेच अडकतात. १०० अंशाच्या त्या चार प्रतिमा एकाच जागेवरून कधीच दिसत नाहीत. डोळा मध्ये असेल तर फक्त दोन. डोका एका आरशाजवळ नेलं तर तिसरी दिसते, दुसऱ्या आरशाजवळ नेलं तर तिसरी दिसते पण ती वेगळी. वरच्या १२० अंशाच्या उदाहरणातही तिन्ही प्रतिमा दिसायला डोळा दुसऱ्या आरशाच्या २० अंशांच्या आत न्यावा लागतो. म्हणून शेजारी बसलेली दोन मुलं वेगवेगळं उत्तर सांगतात आणि दोघंही प्रामाणिक असतात. तयार होणाऱ्या प्रतिमा आणि एका जागेवरून दिसणाऱ्या प्रतिमा या दोन गोष्टी आहेत. ९० आणि ६० ला मात्र डोळा कुठेही असला तरी आकडा बदलत नाही.

डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१७ मध्ये कॅलिडोस्कोपचं पेटंट घेतलं. त्यांनाही हे माहीत होतं. आतले काचेचे तुकडे वाट्टेल तसे पडतात, म्हणून नक्षी न तुटता जुळायची तर कोन वर्तुळाचा सम भागच हवा. भागाकार विषम आला की सांध्यासमोर नक्षी फाटलेली दिसते.

प्रयोग करताना दोन सूचना. साध्या आरशाला मुलामा मागच्या बाजूला असतो, त्यामुळे कडा चिकटवल्या तरी काचेच्या जाडीइतकी काळी फट सांध्यावर राहते. तिच्याजवळची प्रतिमा तुटते किंवा हरवते, म्हणून पातळ आरसे घ्या. आणि वस्तू बारीक घ्या, उभी टाचणी किंवा हरभऱ्याचा दाणा. मोठं नाणं मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पसरतं आणि विषम कोनात मोजणी गोंधळते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मित्रांना माझी विनंती : ९०, ६०, ४५, ३० अंशांचे प्रश्न बिनधास्त विचारा. १२० किंवा ७२ विचारायचे असतील तर वस्तू मध्ये आहे की बाजूला, हे लिहा. ५० किंवा १०० अंशाचा एका आकड्याचा प्रश्न कृपया टाळा, वस्तूची जागा देऊन वर्तुळ काढायला सांगा. पालकांनीही पोराने गाइडपेक्षा वेगळा आकडा सांगितला तर लगेच खोडू नये. वस्तू कुठे होती आणि तू कुठून पाहिलंस, एवढे दोन प्रश्न आधी विचारावेत.