शेततळ्यात मासे किती सोडायचे, हे विक्रेत्याला ठरवू देऊ नका : जाहीर आवाहन

प्रतापनगर आणि आसपासच्या बंधुभगिनींनो,

ज्यांची डभोई, पादरा, वाघोडियाकडे शेती आहे आणि शेतात तळं आहे, त्यांनी हे आवाहन आजच वाचावं. पाऊस तोंडावर आला आहे. मत्स्यबीजाच्या पिशव्या घेऊन माणसं गावोगाव फिरायला लागतील आणि गेल्या वर्षीसारखंच होईल.

गेल्या आठवड्यात आपल्याच मंडळातल्या एका कुटुंबाच्या तळ्यावर आम्ही गेलो होतो. दोन दिवस वळवाचं मळभ होतं. तिसऱ्या पहाटे पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती, पंजाएवढे कटले आणि रोहू, दीडशे ग्रॅमच्या आतबाहेरचे. जे जिवंत होते ते काठाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते. घरच्या बाई टोपलीने मासे काढून खड्ड्यात टाकत होत्या. शेजारी म्हणाला, कुणीतरी विष घातलं. कुणीही विष घातलेलं नव्हतं. मासे जास्त सोडले होते, इतकंच!

हिशेब बघा. तळं 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, बाजूंना एकास एक उतार, म्हणजे तळाशी 24 बाय 24. काठोकाठ भरलं तर 2,196 घनमीटर पाणी. विक्रेत्याने सांगितलं, घनमीटरला दोन मासे, पाणी भरपूर आहे, घ्या 4,400. त्या कुटुंबाने घेतले. इथेच सगळं चुकलं. तळ्यातले मासे घनमीटरवर मोजत नाहीत, ते पाण्याच्या पृष्ठभागावर मोजतात.

कारण साधं आहे. पाण्यात प्राणवायू येतो तो वरून, काही वाऱ्याने हवेतून आणि बहुतेक सूर्यप्रकाशात वाढणाऱ्या हिरव्या शेवाळकणांपासून. हिरवट पाण्यात प्रकाश फार तर मीटरभर उतरतो. त्याखालचं पाणी प्राणवायू तयार करत नाही, उलट तळाचा गाळ तो खातो. रात्री तर शेवाळकणही प्राणवायूच ओढतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मळभाच्या दिवसांत दिवसाही फारशी भर पडत नाही आणि पहाटे मासे गुदमरतात. तळं खोल केलं म्हणून पृष्ठभाग वाढत नाही, आणि मासे जगतात ते त्या पृष्ठभागावर.

मग खोली कशाला बघायची? ती गुणायची नाही, ती तपासायची. सरासरी पाणी दीड ते दोन मीटर असेल तर तळं मत्स्यपालनाला योग्य. मीटरच्या आत असेल तर उन्हाळ्यात पाणी तापतं, तळाशी गवत माजतं, तिथे वर्षभराचं पालन करूच नका. तीन मीटरच्या वरची खोली उन्हाळ्यासाठी पाण्याचा साठा म्हणून उपयोगी, पण तिच्या नावावर एकही मासा वाढवू नका.

आता योग्य आकडा काढू. पृष्ठभाग कोणता धरायचा? जुलैचा नाही, मेचा! मासे सगळ्यात मोठे होतात तेव्हाच पाणी सगळ्यात कमी असतं. या तळ्यात मेमध्ये दीड मीटर पाणी उरतं. उतार एकास एक असल्याने त्या पातळीला बाजू 27 मीटर, क्षेत्र 729 चौरस मीटर. कटला, रोहू, मृगळ या मिश्र पालनाला, एरेटर नसताना, हेक्टरी 5,000 बोटुकली ही सुरक्षित घनता. म्हणून 729 गुणिले 5,000 भागिले 10,000, म्हणजे 365 मासे. 365 च्या जागी 4,400! बारा पट!

पुढे वजनाने पडताळा. 365 पैकी 80 टक्के जगले आणि पाऊण किलोचे झाले तर सुमारे 220 किलो मासा निघतो. हेक्टरी तो 3,000 किलो होतो आणि खाद्य देऊन ते बसतं. 4,400 पैकी 3,500 जगून दीडशे ग्रॅमचे झाले तरी तळ्यात 525 किलो मासा, तोही बाजारात न चालणारा. म्हणजे जास्त मासे सोडून पैसे जास्त मिळत नाहीत, लहान मासे मिळतात, आणि एके पहाटे तेही नाहीत.

काही जण म्हणतील, टाकीत एका घनमीटरला कितीतरी मासे पाळतात. पाळतात, पण तिथे चोवीस तास हवेचा पंप चालतो आणि वीज गेली की जनरेटर लागतो. तुमच्याकडे आहे का? काही म्हणतील, वढवाणा तलावात केवढं पाणी, तिथे तर लाखोंनी सोडतात. अहो, मोठ्या जलाशयात हेक्टरी आकडा शेततळ्यापेक्षा कमीच असतो, कारण तिथे कुणी पेंड टाकत नाही. हे वाद आता पुरे.

एरेटर रोज चालणार असेल आणि रोज खाद्य पडणार असेल, तरच हेक्टरी 10,000 पर्यंत जा. मेमध्ये पाणी मीटरच्या वर पण दीड मीटरच्या आत असेल तर आम्ही 3,000 च धरतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात माती नसल्याने नैसर्गिक खाद्य कमी असतं, तिथे खाद्याचा खर्च आधी धरा, मगच आकडा ठरवा.

बीज घेण्याआधी आमच्या मंडळाची टेप आणि खुणा केलेली काठी मागून न्या. ती फुकट मिळते, वर्षानुवर्षं आम्ही ती सांभाळली आहे आणि आमच्या मोजणीवर चाललेल्या तळ्यांवर असली पहाट आलेली नाही. पाण्याच्या कडांची लांबी-रुंदी मोजा. काठीने पाच जागी खोली घ्या, सरासरी काढा. मेमध्ये किती पाणी उरतं, हे राखणदाराला विचारा. मग आकडा काढा आणि कागदावर लिहा. त्यातले तीन भाग कटला, चार रोहू, तीन मृगळ, म्हणजे वर, मध्ये आणि तळाशी असं सगळीकडचं खाद्य वापरलं जातं. 365 चे साधारण 110, 145 आणि 110. बोटुकली चार इंचांची हवी. जिरे किंवा अर्धबोटुकली कुणी स्वस्तात देत असेल तर ती मरतील म्हणून दुप्पट घ्या असंही तो सांगेल. घेऊ नका, किती मरतील हे त्यालाही माहीत नसतं.

ज्यांनी आधीच जास्त सोडले आहेत त्यांनी थांबू नये. पहाटे पाचला तळ्यावर जा. मासे पृष्ठभागावर तोंड उघडमीट करत असतील आणि हाताने टाळी वाजवूनही खाली जात नसतील, तर त्या दिवशी खाद्य बंद, मोटर लावून तेच पाणी उंचावरून फवारा, आणि मोठे मासे काढून विका. कोपरापर्यंत हात बुडवून पंजा दिसत नसेल तर पाणी फार दाट हिरवं झालं आहे, शेण आणि खत लगेच थांबवा. ताजं पाणी मिळत असेल तर घाला.

आपल्या पैशाने आपण तळी खणतो, आणि आकडा मात्र परका माणूस सांगतो, ज्याची कमाई पिशवीवर आहे. हे किती दिवस चालवायचं? रविवारी सकाळी आठ वाजता मंडळाच्या खोलीत या. येताना तळ्याची लांबी, रुंदी, खोली, बाजूंचा उतार आणि मे महिन्यातलं पाणी कागदावर लिहून आणा. आकडा तिथेच काढून देऊ. ज्यांना मोजता येत नाही त्यांच्यासोबत आमचा कार्यकर्ता येईल. आकडा हातात आल्याशिवाय कुणीही विसार देऊ नये.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, प्रतापनगर, बडोदे