ती वर्षे लपवू नका, विकूही नका

दातिवऱ्याहून एसटीने सफाळ्याला आणि तिथून लोकलने बोईसरला येऊन तारापूर एमआयडीसीत मुलाखती देणाऱ्या मुलांना हल्ली दोन सल्ले मिळतात. स्पर्धा परीक्षांत गेलेली चार-पाच वर्षे बायोडेटात दाखवूच नकोस, कुणा नातेवाइकाच्या ऑफिसात काम केल्याचे पत्र जोड, हा एक. दुसरा असा, की त्या अभ्यासातून शिस्त आणि चिकाटी शिकलो असे अभिमानाने सांग. सल्ले देणारी माणसे आपलीच, मायेची असतात. तरीही हे दोन्ही सल्ले मुलांचे नुकसान करतात, असे माझे ठाम मत आहे.

आधी पत्राचे बघू. नोकरीवर घेताना कंपनी पीएफचा यूएएन क्रमांक मागते आणि आधीची नोकरी त्यात दिसते. यावर शहाणी माणसे म्हणतात, की वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला सहसा पीएफ लागू नसतो, मग कळणार कसे? कळते. पगाराच्या पावत्या आणि बँकेतल्या नोंदी मागितल्या जातात, साहेब म्हणून ज्याचे नाव दिले त्याला फोन जातो. पण पकडले जाण्यापेक्षाही मोठी गोष्ट आहे. औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये चुकलेले रीडिंग खोडायचे नसते. त्यावर एकच रेघ मारून, आधीचा आकडा वाचता येईल असा ठेवून, सही आणि तारीख घालायची असते. रेकॉर्डमध्ये फेरफार हा तिथला सर्वांत गंभीर गुन्हा. त्या लॅबच्या दारात खोटे पत्र घेऊन उभा राहिलेला मुलगा, आपण या कामाला लायक नाही, हे स्वतःच लिहून देत असतो.

शिस्तीच्या सल्ल्यात खोटे काही नाही, पण त्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. समोर बसलेल्या माणसाने ते वाक्य शंभरदा ऐकलेले असते. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: एवढा काळ का लागला, हातचे काम अजून येते का, आणि उद्या निकाल लागला तर हा निघून जाईल का.

उदाहरण घेऊ. समजा, दातिवऱ्याच्या मुलाने 2018 मध्ये रसायनशास्त्रात बीएस्सी केली आणि मग राज्यसेवेची तयारी केली. बायोडेटात त्याने एवढेच लिहावे: ‘जून 2018 ते मार्च 2023: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, 2020 ची पूर्वपरीक्षा उत्तीर्ण, मुख्य परीक्षेतून निवड नाही.’ महिना, टप्पा, निकाल. प्रवेशपत्र आणि गुण सोबत ठेवावेत. एवढा काळ का लागला, याचे खरे उत्तरही त्याच्याकडे आहे. 5 एप्रिल 2020 ला ठरलेली ती पूर्वपरीक्षा करोनामुळे आणि पुढे आरक्षणाच्या प्रश्नामुळे वारंवार पुढे गेली. 14 मार्च 2021 ची तारीखही आयोगाने तीन दिवस आधी रद्द केली, तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली आणि अखेर 21 मार्चला पेपर झाला. एका प्रयत्नाने जवळजवळ एक वर्ष जास्तीचे खाल्ले. हे मुलाखतीत एका वाक्यात सांगावे. गाऱ्हाणे लांबले, की ऐकणाऱ्याला त्यात सबब दिसू लागते.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र परीक्षेचा अभ्यास काहीच कामाचा नाही. पाच वर्षांत टायट्रेशनचा हात गेलेला असतो, नॉर्मॅलिटीचे गणित अडखळते. इथे ‘मी लवकर शिकेन’ म्हणणे पुरेसे नाही. मुलाखतीआधी ती गणिते पुन्हा सोडवलेली असावीत, जुन्या प्राध्यापकांना विचारून कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार दिवस हात चालवता आला तर तेही करावे. आणि जे विसरले, ते विसरले असेच सांगावे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि कंपनीची शंका अवास्तव नाही. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43 आहे, म्हणजे तिशीच्या आतल्या मुलाला दार उघडेच असते. ‘आता कधीच परीक्षा देणार नाही’ ही शपथ कुणी खरी मानत नाही. त्यापेक्षा शेवटचा अर्ज कधी भरला ते सांगावे, आणि एखादा निकाल यायचा असेल तर त्याचे नाव घ्यावे. त्यामुळे एखादी नोकरी हातची जाईल, हे मला मान्य आहे. पण लपवलेला निकाल सहा महिन्यांनी लागला आणि मुलगा निघून गेला, तर पुढच्या वेळी त्याच गावच्या दुसऱ्या मुलाला त्या गेटवर जास्त प्रश्न विचारले जातील.

‘वाया गेलेली वर्षे’ म्हणणाऱ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचून अंतिम यादीत न आलेल्या उमेदवारांची माहिती यूपीएससी ‘प्रतिभा सेतू’मार्फत खासगी कंपन्यांना देते. अपयशी उमेदवारही कामाचा असू शकतो, हे तिथे मान्य झाले आहे. दातिवऱ्याचा मुलगा त्या टप्प्यापर्यंत गेला नसेल, म्हणून त्याला अनुभवी माणसाचा पगार नको, फ्रेशरचाच द्या. पण नुकत्याच पास झालेल्या मुलाला जी लेखी चाचणी देता, तीच यालाही द्या आणि तिच्या गुणांवर ठरवा. बायोडेटातला रिकामा काळ बघून अर्ज बाजूला सारला, तर टायट्रेशन कुणाला येते हे कंपनीला कळणारच नाही.